अंड्याचं वजन टरफलासकट, प्रथिनं टरफलाविना

महाराष्ट्रात अंडी डझनावर किंवा तीसच्या ट्रेने विकली जातात. वजन कोणी विचारत नाही. प्रथिनांचा हिशेब मात्र ग्रॅममध्ये असतो आणि तिथेच घोळ सुरू होतो. आहाराची नोंद ठेवणारा माणूस अख्खं अंडं काट्यावर ठेवतो, ५५ ग्रॅम वाचतो, तक्त्यात ‘१०० ग्रॅमला १२.६ ग्रॅम प्रथिनं’ असा आकडा पाहतो आणि गुणाकार करून ६.९ ग्रॅम लिहून मोकळा होतो. चार अंड्यांचे साडेसत्तावीस ग्रॅमहून जास्त भरले, म्हणून त्याला समाधान वाटतं.

हा हिशेब चुकीचा आहे. पोषणतक्त्यातले १०० ग्रॅम खाण्याजोग्या भागाचे असतात आणि काट्यावर तर टरफलही बसलेलं असतं. कोंबडीच्या अंड्याचं टरफल अख्ख्या वजनाच्या साधारण ९ ते १२ टक्के भरतं. ते जवळजवळ सगळं कॅल्शियम कार्बोनेट. त्याच्या आतल्या बाजूला चिकटलेला पातळ पापुद्रा प्रथिनांचाच असतो, पण सोलताना तोही टरफलाबरोबर कचऱ्यात जातो. त्यामुळे हिशेबात तो टरफलातच धरलेला बरा.

आता तेच ५५ ग्रॅमचं अंडं पुन्हा घेऊ. ११ टक्के टरफल म्हणजे सुमारे ६ ग्रॅम. उरले ४९. त्यांना ०.१२६ ने गुणलं की ६.२ ग्रॅम प्रथिनं येतात. पहिल्या उत्तराहून हे पाऊण ग्रॅमनं कमी आहे. चार अंड्यांमागे ही तूट जवळपास तीन ग्रॅम होते, म्हणजे जवळजवळ अर्ध्या अंड्याची प्रथिनं कागदावरच खाल्ली गेली!

उत्तराची पडताळणी आतून करता येते. ४९ ग्रॅममध्ये अंदाजे ३३ ग्रॅम पांढरा आणि १६ ग्रॅम बलक असतो. पांढऱ्यात प्रथिनं सुमारे ११ टक्के, म्हणजे ३.६ ग्रॅम. बलकात सुमारे १६ टक्के, म्हणजे २.६ ग्रॅम. बेरीज ६.२. दोन वेगळ्या वाटांनी आलेली उत्तरं जुळतात. जाता जाता आणखी एक गोष्ट उघड होते: बलक बाजूला काढणारा माणूस प्रथिनांचा चाळीस टक्के वाटा ताटाबाहेर ठेवतो. ‘प्रथिनं पांढऱ्यात आणि चरबी बलकात’ ही समजूत अर्धीच खरी आहे.

मुळात तो १२.६ आला कुठून? प्रयोगशाळेत प्रथिनं थेट मोजत नाहीत, नायट्रोजन मोजतात. डेन्मार्कच्या योहान केल्डाल यांनी १८८३ मध्ये मांडलेली ही पद्धत आजही प्रमाण मानली जाते. प्रथिनांत नायट्रोजन साधारण १६ टक्के असतो, म्हणून मिळालेल्या नायट्रोजनला ६.२५ ने गुणतात. सोललेल्या १०० ग्रॅम अंड्यात नायट्रोजन जेमतेम दोन ग्रॅम निघतो. भारतातल्या जुन्या तक्त्यांत १२.६ च्या जागी १३.३ दिसतो. तो धरला तर आपल्या अंड्याचं उत्तर ६.५ होईल. तेव्हा दशांशाच्या दुसऱ्या घरापर्यंत भांडण्यात अर्थ नाही.

टरफल नेमकं किती टक्के धरायचं, याचाही फार घोर नको. ९ टक्के धरले तर ६.३ आणि १२ टक्के धरले तर ६.१ ग्रॅम. टरफल वजा करणं महत्त्वाचं, त्याची टक्केवारी थोडी इकडेतिकडे झाली तरी चालेल. खरा फरक पडतो आकारानं. ४२ ग्रॅमच्या लहान गावरान अंड्यात ४.७ ग्रॅम प्रथिनं असतील, तर ६२ ग्रॅमच्या मोठ्या अंड्यात ७ ग्रॅम. ‘एक अंडं म्हणजे सहा ग्रॅम’ हे सूत्र दोघांनाही लागू पडत नाही. तोंडी हिशेबासाठी अख्ख्या वजनाचे ११ टक्के घ्यावेत. टरफलाची वजावट त्यात आलेलीच असते.

शिळ्या अंड्यापाशी मात्र हे सूत्र थोडं लंगडतं. टरफलाला हजारो सूक्ष्म छिद्रं असतात. त्यांतून पाण्याची वाफ हळूहळू बाहेर पडते, प्रथिनं जात नाहीत. दोन ग्रॅम पाणी उडालं की ५५ चं अंडं ५३ भरतं आणि सूत्र ५.८ सांगतं, जरी आत पूर्वीइतकंच ६.२ असलं तरी. असं अंडं उकडून सोललं की बोथट टोकाला मोठा सपाट खळगा दिसतो. पाण्याची जागा हवेनं घेतल्याची ती खूण.

उकडल्यानं प्रथिनांचा साचा बदलतो, प्रमाण बदलत नाही. त्यामुळे सोललेलं उकडलेलं अंडं थेट काट्यावर ठेवणं सगळ्यात सरळ. मग ०.१२६ ने गुणायचं आणि टरफल पुन्हा वजा करायचं नाही; ही दुहेरी वजावटही अनेकांकडून होते. ताजं अंडं सोलताना पांढरा टरफलाला चिकटून तुटतो. असा पाच ग्रॅम पांढरा गेला, तर अर्धा ग्रॅम प्रथिनं त्याच्याबरोबर गेलीच. काटा ते आपोआप दाखवतो, अख्ख्या वजनाचं सूत्र दाखवत नाही.