चंदीगडच्या चौकटीतले सहा रस्ते

ल कॉर्ब्युझिएच्या चंदीगडमधला ठरावीक सेक्टर 800 मीटर बाय 1200 मीटरचा. दोन सेक्टर आडवे, दोन उभे ओलांडायचे, तर मागे न वळता कुठूनही जा, अंतर 4 किलोमीटरच. असे रस्ते किती? कडेच्या प्रत्येक चौकावर 1 लिहा; आतल्या चौकावर, जिथून तिथे येता येतं त्या दोन चौकांची बेरीज. मधल्या चौकात 2, पुढे 3 आणि 3, शेवटी 6.

नकाशाचा मोबाइलवर फोटो काढला की छापील प्रमाण निकामी होतं, कारण चित्र लहानमोठं होतं. मग सेक्टरच मोजपट्टी! 1200 मीटरची बाजू 3 सेंटीमीटर भरली, तर 1 सेंटीमीटर म्हणजे 400 मीटर. तिरपं सरळ अंतर 7.2 सेंटीमीटर, म्हणजे सुमारे 2.9 किलोमीटर.

मात्र 800 मीटरची बाजू 2 सेंटीमीटर भरली नाही, तर फोटो तिरका आलाय. तो पुन्हा काढावा.