‘ला’ म्हणजे नेहमीच ‘टू’ नव्हे

इंग्रजी शिकायला सुरुवात केली की वहीत पहिल्यांदा एक तक्ता उतरवला जातो : ला म्हणजे ‘टू’, ने म्हणजे ‘बाय’, हून म्हणजे ‘फ्रॉम’, त म्हणजे ‘इन’, चा म्हणजे ‘ऑफ’. तक्ता सोपा आहे आणि बऱ्याचदा उपयोगीही पडतो. पण याच तक्त्यामुळे मुले ‘आय सॉ टू राजू’ असे लिहितात, आणि चूक दाखवली तरी ती नेमकी कुठे झाली हे त्यांना कळत नाही. ‘मी राजूला पाहिले’ यात ‘ला’ आहे ना? मग ‘टू’ का नको?

उत्तरासाठी एकच वाक्य नीट पाहू. ‘राजूने सोमवारी आईला बसने पुण्याला नेले.’ यात विभक्तीचे पाच प्रत्यय आहेत. ‘राजूने’ आणि ‘बसने’ यांत ने, ‘आईला’ आणि ‘पुण्याला’ यांत ला, आणि ‘सोमवारी’ यात ई. आता हेच इंग्रजीत : ‘राजू टुक हिज मदर टू पुणे बाय बस ऑन मंडे.’ प्रेपोझिशन मोजा. ‘टू’, ‘बाय’ आणि ‘ऑन’, अशी तीनच. ‘राजूने’मधला ने गेला, ‘आईला’मधला ला गेला. ‘बसने’मधल्या ने चे मात्र ‘बाय’ झाले आणि ‘पुण्याला’मधल्या ला चे ‘टू’ झाले. प्रत्यय तेच, पण एका जागी त्यांना इंग्रजीत प्रेपोझिशन मिळते आणि दुसऱ्या जागी काहीच मिळत नाही.

गेलेले दोन प्रत्यय कोणाचे, ते पाहिले की कारण समजते. राजू हा वाक्यातला कर्ता आहे आणि आई हे कर्म. कर्ता कोण आणि कर्म कोण हे मराठी प्रत्ययाने सांगते, म्हणून शब्द हलवले तरी अर्थ बदलत नाही. ‘कुत्र्याने मांजराला पकडले’ म्हणा किंवा ‘मांजराला कुत्र्याने पकडले’ म्हणा, पकडणारा कुत्राच. इंग्रजी हे काम शब्दाच्या जागेने करते. क्रियापदाच्या आधी कर्ता, क्रियापदानंतर कर्म. ‘द डॉग कॉट द कॅट’ यात कुत्रा आणि मांजर यांची जागा बदलली, तर पकडणारे मांजर ठरते. जागेनेच काम झाल्यावर आणखी खूण कशाला? म्हणून कर्त्याला आणि थेट कर्माला इंग्रजीत प्रेपोझिशन लागत नाही.

इंग्रजी पहिल्यापासून अशी नव्हती. हजारएक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नामांनाही विभक्तीचे प्रत्यय लागत. पुढे ते झिजत गेले आणि त्यांचे काम शब्दांचा क्रम व प्रेपोझिशन यांनी उचलले. जुन्या विभक्तीच्या खुणा सर्वनामांत आजही शिल्लक आहेत : ‘तो’ला ‘ही’ आणि ‘त्याला’ला ‘हिम’, ‘मी’ला ‘आय’ आणि ‘मला’ला ‘मी’.

आता ‘ला’चीच वेगवेगळी कामे पाहू, कारण सर्वांत जास्त गोंधळ त्याचाच होतो.

पहिले काम थेट कर्माचे. ‘मी सरांना विचारले’ याचे ‘आय आस्क्ड सर’ होते, ‘आस्क्ड टू सर’ नाही. ‘तिने आजीला मदत केली’ याचे ‘शी हेल्प्ड हर ग्रँडमदर’ होते. इथे ‘टू’ लिहिले की चूक.

दुसरे काम देण्याघेण्याचे. ‘मी राजूला पुस्तक दिले’ याची इंग्रजीत दोन रूपे होतात : ‘आय गेव्ह राजू अ बुक’ आणि ‘आय गेव्ह अ बुक टू राजू’. माणूस क्रियापदाला लगटून आला तर ‘टू’ नको, वस्तू आधी येऊन माणूस मागे गेला तर ‘टू’ हवे. ‘आय गेव्ह टू राजू अ बुक’ ही मराठी क्रमावर इंग्रजी शब्द बसवल्याची खूण आहे.

तिसरे काम ठिकाणाचे. ‘पुण्याला गेलो’ यात ‘टू’ बरोबर बसते. मात्र ‘पुण्याला पोचलो’ याचे इंग्रजी ‘आय रीच्ड पुणे’ असे होते, कारण ‘रीच’ या क्रियापदाला ठिकाण थेट कर्म म्हणून लागते. ‘घरी गेलो’ हेही नुसते ‘आय वेंट होम’.

चौथे काम सर्वांत वेगळे. ‘मला भूक लागली’, ‘मला आंबा आवडतो’, ‘मला दोन बहिणी आहेत’. मराठीत अनुभव घेणाऱ्या माणसाला ला लागतो. इंग्रजी त्याच माणसाला कर्त्याच्या जागी बसवते : ‘आय अ‍ॅम हंग्री’, ‘आय लाइक मँगोज’, ‘आय हॅव टू सिस्टर्स’. यातल्या शेवटच्या ‘टू’चा अर्थ ‘दोन’. प्रेपोझिशन तिन्ही वाक्यांत नाही.

‘ने’चेही असेच आहे. कर्त्याचा ने इंग्रजीत गळतो. कर्ता क्रियापदामागे गेला तरच ‘बाय’ येते, जसे ‘द लेटर वॉज रिटन बाय राजू’. वाहनाचा ने म्हणजे ‘बाय’ : ‘बाय बस’, ‘बाय ट्रेन’. हातात धरायच्या साधनाचा ने मात्र ‘विथ’ होतो. ‘चाकूने आंबा कापला’ याचे ‘कट द मँगो विथ अ नाइफ’ होते, ‘बाय अ नाइफ’ नव्हे. वेळेच्या ई-प्रत्ययालाही एक जोडीदार नाही. ‘सोमवारी’ म्हणजे ‘ऑन मंडे’, ‘सकाळी’ म्हणजे ‘इन द मॉर्निंग’, ‘रात्री’ म्हणजे ‘अ‍ॅट नाइट’.

म्हणून भाषांतर करताना प्रत्ययापासून नव्हे, क्रियापदापासून सुरुवात करावी. आधी क्रियापद शोधा. मग कर्ता कोण ते विचारा आणि त्याला क्रियापदाच्या आधी ठेवा. मग कर्म विचारा आणि ते क्रियापदानंतर ठेवा. या दोघांना प्रेपोझिशन देऊ नका. उरलेला प्रत्येक शब्द कोणते काम करतो ते पाहा : ठिकाण, वाहन, साधन की वेळ? प्रेपोझिशन त्या कामाप्रमाणे निवडा. ‘राजूने आईला नेले’ हे वाक्य या क्रमाने पुन्हा करून पाहिले, तर पाच प्रत्ययांची तीन प्रेपोझिशन कशी झाली ते आपोआप उलगडते.

ही रीत सगळीकडे पुरत नाही. ‘मी कुत्र्याला भितो’ याचे ‘आय अ‍ॅम अफ्रेड ऑफ डॉग्ज’ होते, ‘बसची वाट पाहिली’ याचे ‘आय वेटेड फॉर द बस’ होते, आणि ‘तिने अशोकशी लग्न केले’ याचे नुसते ‘शी मॅरीड अशोक’. ‘टेल’नंतर माणूस थेट येतो, पण जवळपास त्याच अर्थाच्या ‘से’नंतर ‘टू’ लागते. इथे नियमापेक्षा क्रियापदाची सवय चालते आणि ती पाठच करावी लागते.

तेव्हा इंग्रजीचे नवे क्रियापद वहीत एकटे लिहू नका. ‘वेट’ न लिहिता ‘वेट फॉर द बस’ लिहा, ‘रीच’ न लिहिता ‘रीच पुणे’ लिहा. आणि पहिल्या पानावरच्या त्या तक्त्यात ‘ला’समोर ‘टू’ बरोबर ‘किंवा काहीच नाही’ एवढे शब्द आजच जोडा.