'जरा बोलू या का?' : एका निमंत्रणाचे लेखी उत्तर

हल्ली कोणत्याही लहानसहान व्यावसायिकाच्या पेटीत आठवड्यातून एखादे तरी असे पत्र येऊन पडते : "आपल्या कामाविषयी ऐकले. पुढच्या आठवड्यात अर्धा तास बोलू या. सोयीची वेळ कळवावी." खाली सही एखाद्या मोठ्या कंपनीच्या उपाध्यक्षाची किंवा संचालकाची. कशासाठी बोलायचे, याचा पत्रात पत्ता नसतो. पत्र वाचून घरात आनंदीआनंद होतो. एवढा मोठा माणूस आपण होऊन बोलावतो आहे, त्याला नाही कसे म्हणायचे?

नाही म्हणूच नये, असे माझेही मत आहे. परंतु लगेच हो म्हणण्याचीही गरज नाही. या दोहोंच्या मध्ये एक तिसरा मार्ग आहे. फोनवरील भेटीऐवजी दोन-चार ई-मेलांची देवघेव सुचवायची, आणि तीही अशा शब्दांत, की मोठ्या माणसाचा मान राहावा आणि आपला दिवसही वाचावा. मी मराठीचा प्राध्यापक. व्यापारातले मला फारसे कळत नाही. तथापि पत्र कसे लिहावे हा माझ्या रोजच्या शिकवण्याचा विषय असल्यामुळे माझ्या भाचीने अशा एका पत्राचे उत्तर लिहिताना मला हाताशी घेतले, आणि त्यातून हा विषय मला उलगडला.

भाची आणि तिची एक मैत्रीण अशा दोघी मिळून पुण्यात गृहनिर्माण सोसायट्यांच्या हिशेबाचा संगणकीय प्रोग्राम तयार करतात. तिला मुंबईच्या एका मोठ्या कंपनीच्या उपाध्यक्षांचे वर दिले आहे तसेच पत्र आले. "मामा, अर्ध्या तासाचाच तर प्रश्न आहे, पण माझा सबंध दिवस जातो," ती म्हणाली. हे ऐकायला अतिशयोक्ती वाटते, पण तसे नाही. पॉल ग्रॅहॅम या अमेरिकन प्रोग्रामर-लेखकाने 2009 साली एका निबंधात ही गोष्ट फार चांगली समजावून दिली आहे. व्यवस्थापकाचा दिवस तासातासाच्या खणांत विभागलेला असतो. एका खणात एक भेट बसवली, की त्याचे काम झाले. उलट जो माणूस काही घडवतो, लिहितो, रचतो, त्याला निदान अर्ध्या दिवसाचा सलग तुकडा लागतो. सकाळी साडेअकराची भेट ठरली, की तिच्या सकाळचे दोन तुकडे होतात आणि दोन्ही तुकडे कोणत्याही अवघड कामाला अपुरे पडतात. उपाध्यक्षांना ती भेट जवळजवळ फुकट पडते. भाचीला ती अर्ध्या दिवसाला पडते. यात दुष्टावा कोणाचाच नाही. एकाला दुसऱ्याचा खर्च दिसत नाही, इतकेच.

दुसरी गोष्ट अनुभवाची. यापूर्वी तिने अशा तीन भेटी दिल्या होत्या. तिन्ही वेळा पलीकडच्या गृहस्थांनी ग्राहक किती, माणसे किती, दर काय, हे गोडीने विचारून घेतले, "कळवतो" म्हणून फोन ठेवला, आणि पुढे काही कळवले नाही. बोलण्याच्या ओघात माणूस नको ते सांगून बसतो. लिहिताना मात्र हात थांबतो, आणि थांबलेला हात विचार करतो.

मग आम्ही दोघांनी बसून हे उत्तर तयार केले :

"सप्रेम नमस्कार. आपण आवर्जून लिहिलेत याबद्दल आभारी आहे. पहिला परिचय मी लेखी करते. त्यामुळे मला नेमके उत्तर देता येते, आणि आपल्याला ते सहकाऱ्यांना दाखवता येते. दोन गोष्टी कळवाल का? आमचा प्रोग्राम आपण स्वतः वापरू इच्छिता, की आपल्या ग्राहकांना पुरवू इच्छिता? आणि साधारण किती सोसायट्यांसाठी, केव्हापासून? आपले पत्र आल्यापासून दोन दिवसांत मी उत्तर पाठवीन. त्यानंतर बोलणे आवश्यक वाटले, तर गुरुवारी किंवा शुक्रवारी दुपारी 4 वाजता वीस मिनिटे मी मोकळी आहे."

पत्र लहान आहे, पण त्यातले प्रत्येक वाक्य काही काम करते. "मला वेळ नाही" असे त्यात कोठेही नाही. तसे लिहिले, की समोरून "मग पुढच्या आठवड्यात?" असे उत्तर हमखास येते, आणि आपण पुन्हा जागच्या जागी. "पहिला परिचय मी लेखी करते" ही सर्वांना लागू असलेली रीत झाली. तीत कोणा एकाचा अव्हेर नाही. सहकाऱ्यांना दाखवण्याचा उल्लेख मुद्दाम आहे. मोठ्या कंपनीत निर्णय एकट्याचा क्वचितच असतो. फोनवरचे बोलणे उपाध्यक्षांच्या आठवणीत राहते आणि तेथेच विरते. पत्र मात्र बोटाच्या एका टिचकीने योग्य माणसाकडे जाते. म्हणजे लेखी उत्तरात त्यांचीही सोय आहे, हे त्यांना दिसले पाहिजे.

प्रश्न दोनच, आणि ते दोन ओळींत उत्तर देता येण्यासारखे. पहिल्या मसुद्यात भाचीने नऊ प्रश्न घातले होते. ते मी खोडले. मोठ्या माणसाला प्रश्नपत्रिका पाठवली, की तो ती सोडवत नाही, हे परीक्षकाच्या अनुभवावरून सांगतो. याउलट "काही काम असल्यास लिहावे" एवढेच मोघम लिहिले, तर पुढचे पाऊल कोणी टाकायचे हे ठरत नाही आणि पत्रव्यवहार तेथेच विझतो. शेवटी भेटीचे दार उघडे ठेवले आहे, पण दिवस, वेळ आणि मर्यादा आपली. दुपारचे 4 अशासाठी, की तोपर्यंत तिचे सलग काम उरकलेले असते.

अशा पत्राची परिणती तीनपैकी एक होते. काही वेळा उत्तर येतच नाही. त्याचा अर्थ, त्या भेटीत नेमके काम नव्हते किंवा चार ओळी लिहिण्याइतकी निकड नव्हती. काही वेळा "लिहिण्यापेक्षा बोलणे सोपे" असे येते. मग एकदा, एकदाच, "विषय एका ओळीत कळवा, म्हणजे तयारीने बोलेन" असे नम्रपणे लिहावे. आणि काही वेळा खरे उत्तर येते. येथे चौथ्या दिवशी उपाध्यक्षांच्या दोन ओळी आल्या. त्यांच्या हाताखालच्या व्यवस्थापकांना त्यांनी प्रत पाठवली होती. साठ इमारतींची देखभाल त्यांच्याकडे होती आणि एप्रिलपासून हिशेब एका जागी आणायचे होते. व्यवस्थापकांनी विचारले, की जुन्या एक्सेलच्या वह्या तुमच्या प्रोग्राममध्ये घेता येतील का? भाचीने नमुन्याची एक वही मागवली, ती चढवून दाखवली, आणि कोणते रकाने हाताने भरावे लागतील तेही स्पष्ट लिहिले. हे सारे दोन फेऱ्यांत झाले. तिसऱ्या फेरीत दर आणि वेळापत्रक यांचा प्रश्न आला, तेव्हा तिने आपण होऊन वीस मिनिटांचा फोन ठरवला. भेट टळली नाही. ती नेमकी झाली. माझ्या मते हाच नियम चांगला : दोन फेऱ्यांत सुटेना, तर तिसरी लिहीत बसू नये, सरळ बोलावे.

आता अनोळखी विक्रेत्यांच्या फोनाकडे वळू. तेथे औपचारिक पत्र नसते. घंटी वाजते आणि "दोनच मिनिटे" मागितली जातात. भारतात जाहिरातीच्या फोनांसाठी 140 ने सुरू होणारे क्रमांक राखून ठेवलेले आहेत, आणि असे फोन नकोत अशी नोंद 1909 वर करता येते. तरीही साध्या क्रमांकांवरून फोन येतातच. त्यांना एवढेच सांगावे : "मी फोनवर काही ठरवत नाही. वस्तू कोणती, किंमत किती, अटी काय, हे चार ओळींत लिहून पाठवा. पटले तर मीच उत्तर देईन." खरा विक्रेता पत्ता मागतो. "हे लेखी सांगता येत नाही, सवलत आजच संपते आहे," असे जो म्हणतो, त्याने आपली परीक्षा आपणच दिली असे समजावे. पत्ता देताना बँकेशी जोडलेला देऊ नये, वेगळा ठेवावा. आलेल्या पत्रात @ या चिन्हापुढचे नाव त्या कंपनीच्या नावाशी अक्षरशः जुळते का पाहावे. एखादे अक्षर इकडचे तिकडे असले किंवा फुकट मिळणारा सार्वजनिक पत्ता असला, तर त्यातील दुव्यांना बोट लावू नये.

लेखी मार्गाला एक धार आहे, तीही सांगितली पाहिजे. ई-मेलमधला होकार हा होकारच असतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली ट्रायमेक्स विरुद्ध वेदांत ॲल्युमिनियम या खटल्यात हेच सांगितले. बॉक्साइटच्या पाच जहाजांचा सौदा ई-मेलने ठरला होता, सह्यांचा रीतसर करारनामा मागाहून व्हायचा होता आणि तो झालाच नाही. तरीही मुख्य अटी पत्रांतून ठरलेल्या असल्याने करार झाला, असे न्यायालयाने मानले. तेव्हा पहिल्या परिचयाच्या पत्रात "मान्य", "ठरले" असले शब्द सैलपणे वापरू नयेत. दर लिहायचाच झाला, तर "हा अंदाज आहे; अंतिम दर लेखी करारात ठरेल" हे वाक्य सोबत हवे.

आणि काही ठिकाणी ही रीत मुळीच चालवू नये. स्वतःच्या कचेरीतल्या वरिष्ठांनी बोलावले तर उठून जावे. कोणी दुखावलेला ग्राहक बोलू पाहत असेल, तर त्याला कागद पुढे करणे म्हणजे जखमेवर मीठ. लिहिण्याची सवय नसलेला सुतार किंवा नळकारागीर "भेटून सांगतो" म्हणाला, तर त्याला भेटावे; त्याची अडचण भाषेची असते, हेतूची नव्हे. लेखी उत्तर मागायचे ते अशांकडून, ज्यांना लिहिणे सहज जमते आणि तरीही ज्यांनी विषय लिहिलेला नाही.

त्या उपाध्यक्षांना भाचीचे उत्तर खटकले असेल का, अशी शंका तिच्या आईला अजून येते. फोनच्या दिवशी त्यांच्या व्यवस्थापकांनी ती दोन्ही पत्रे समोर ठेवूनच बोलणे सुरू केले होते आणि अठराव्या मिनिटाला संपवलेही होते. एवढे तिला सांगितले, तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे दोन मिनिटे उरलीच की!"