शेवटच्या अंशाचा हिशेब

डच शास्त्रज्ञ ख्रिस्तियान हायगेन्स यांनी १६५६ मध्ये लंबकाचे घड्याळ घडवले, तेव्हा त्यांच्यापुढे एक अडचण होती. लंबकाचा झोका लहान असो वा मोठा, त्याला सारखाच वेळ लागतो हे फक्त लहान झोक्यांपुरतेच जवळजवळ खरे आहे. झोका मोठा झाला की दोलनाला जास्त वेळ लागतो आणि घड्याळ मागे पडते. हायगेन्स यांनी लंबकाची दोरी चक्रज वक्राच्या आकाराच्या दोन पट्ट्यांमध्ये झुलवून ही अडचण दूर केली. १६७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथात त्याचे गणित आहे. पण अशा पट्ट्या नसलेला साधा लंबक ९० अंशांपर्यंत ओढून सोडला, तर एका दोलनाला नेमका किती वेळ लागेल? हा आकडा काढायला बसले की संगणकावरच्या गणितातला एक जुना सापळा समोर येतो आणि त्यातून सुटण्याची एक सुंदर युक्तीही.

हिशेबाची मांडणी सोपी आहे. झोक्याचा मार्ग बारीक तुकड्यांत कापायचा, प्रत्येक तुकड्याची लांबी त्या जागच्या वेगाने भागायची आणि मिळालेले वेळ बेरजेत घ्यायचे. याच बेरजेला गणितात संकलन, म्हणजे इंटिग्रेशन म्हणतात. लंबक उभ्या रेषेतून ९० अंशांपर्यंत जातो, तो पाव दोलनाचा वेळ पुढील संकलनाच्या प्रमाणात असतो:

I = ∫ dθ / √(cos θ),  θ = 0 ते π/2

θ हा उभ्या रेषेपासूनचा कोन, आणि √(cos θ) ही त्या कोनावरच्या वेगाची मापणी. अडचण शेवटच्या टोकाला आहे. ९० अंशांवर लंबक क्षणभर थांबतो, तिथे वेग शून्य असतो, आणि शून्याने भागल्यामुळे संकलनातले फल अनंत होते. अशा जागेला सिंग्युलॅरिटी म्हणतात. फल अनंत झाले तरी एकूण वेळ अनंत नाही, कारण लंबक ९० अंशांना पोचतो आणि परतही येतो. आलेखाचा सुळका उंच होत जातो तसा तो इतका अरुंद होतो, की त्याखालचे क्षेत्रफळ मर्यादित राहते. या संकलनाचे खरे उत्तर २.६२२०५७५५ आहे. एक मीटर लांबीच्या लंबकाला त्यावरून पूर्ण दोलनासाठी सुमारे २.३६९ सेकंद मिळतात. लहान झोक्यांच्या नेहमीच्या सूत्राने २.००७ सेकंदच येतात.

आता हेच उत्तर बेरजेने काढून पाहू. समलंब नियमात प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांवरच्या किमती लागतात. इथे शेवटची किंमत अनंत असल्याने तो नियम सुरूच होत नाही. मध्यबिंदू नियम प्रत्येक तुकड्याच्या मधली किंमत घेतो, म्हणून तो निदान चालतो. दहा तुकडे केले तर उत्तर २.३८२३ येते, म्हणजे ९ टक्क्यांची चूक. हजार तुकडे केले तरी उत्तर २.५९८१ एवढेच सुधारते आणि चूक जवळजवळ १ टक्का उरते. या उत्तरावर घड्याळ लावले तर तासाला अर्ध्या मिनिटाहून जास्त फरक पडेल. एक लाख तुकड्यांनी २.६१९७ मिळते. शंभरपट कष्टांच्या बदल्यात चूक फक्त दसपट कमी होते. एरवी गुळगुळीत फलासाठी तुकडे दुप्पट केले की हाच नियम चूक एक चतुर्थांशावर आणतो. इथे तुकडे दुप्पट केल्यावर जुन्या चुकीचा ०.७१ हिस्सा तसाच उरतो.

असे का होते, हे लंबकाकडे पाहिले की उमगते. पाव झोक्यातला पहिला अंश ओलांडायला एकूण वेळेच्या एक टक्काही लागत नाही. शेवटच्या एका अंशाला मात्र जवळजवळ दहावा हिस्सा लागतो. कोणी हिशेब ८९.९ अंशांवर थांबवून अनंत टाळला, तर त्या टाकून दिलेल्या दशांश अंशाबरोबर ३ टक्क्यांहून जास्त वेळ निघून जातो. म्हणजे सगळी महत्त्वाची घडामोड टोकाजवळच्या चिमूटभर जागेत आहे. सारख्या अंतराचे तुकडे त्या जागेला इतर जागांइतकेच महत्त्व देतात. शिवाय हे नियम फलाचा आलेख प्रत्येक तुकड्यात जवळजवळ सरळ आहे असे धरून चालतात. शेवटच्या तुकड्यात ते कधीच खरे नसते, तो कितीही बारीक केला तरी.

नियम बदलायची गरज नाही. ज्या मापाने आपण मार्ग मोजतो ते माप बदलायचे. टोकापासूनच्या अंतराला u म्हणू. टोकाजवळ आपले फल साधारण 1/√u सारखे वागते. आता u = t² असे लिहू आणि t हा नवा चल मानू. तुकड्याची लांबी du आता 2t dt होते, आणि 1/√u होते 1/t. दोन्हींचा गुणाकार केला की t कटतो आणि साधा 2 उरतो. अनंताला जाणारा भाग आणि शून्याला जाणारा भाग एकमेकांना नाहीसे करतात. t वर सारख्या अंतराने घेतलेले बिंदू u वर वर्गांच्या प्रमाणात बसतात, म्हणून टोकाजवळ ते आपोआप दाट होतात. फल आणि संकलनाचे उत्तर तेच राहिले, फक्त आलेख गुळगुळीत झाला.

फरक किती पडतो? या बदलानंतर तोच मध्यबिंदू नियम, तेच दहा तुकडे घेतले की उत्तर २.६२०८ येते. चूक ०.०००५ पट, म्हणजे एका टक्क्याचा विसावा हिस्सा. बदल न करता एक लाख तुकड्यांनी मिळालेल्या उत्तरापेक्षा हे सरस आहे. आणि इथून पुढे तुकडे दुप्पट केल्यावर चूक पुन्हा एक चतुर्थांश होऊ लागते. नियमाला त्याची हरवलेली अचूकता परत मिळते. सिंग्युलॅरिटी वर्गमुळाऐवजी दुसऱ्या घाताची असेल, म्हणजे फल टोकाजवळ u चा −a वा घात असेल आणि a एकापेक्षा लहान असेल, तर u = tᵖ घेऊन p ची किंमत 1/(1−a) ठेवायची. मग तसेच कटते.

लंबकासाठी याहूनही चांगला चल आहे. झोक्याची कमाल मर्यादा θ₀ असेल तर

sin(θ/2) = sin(θ₀/2) · sin φ

असे लिहायचे. φ शून्यापासून ९० अंशांपर्यंत गेला की θ शून्यापासून θ₀ पर्यंत जातो. ही मांडणी करताना छेदात cos φ येतो, dθ मधून अंशात cos φ येतो, आणि दोन्ही कटतात. आपल्या ९० अंशांच्या झोक्यासाठी उरते ते असे:

I = √2 ∫ dφ / √(1 − ½ sin²φ),  φ = 0 ते π/2

छेद आता कुठेही शून्य होत नाही. शिवाय हे फल ठरावीक अंतराने स्वतःची पुनरावृत्ती करते आणि दोन्ही टोकांभोवती सममित आहे. समलंब नियमाची चूक मुख्यतः दोन टोकांवरच्या उतारांमधून येते. इथे दोन्ही उतार शून्य आहेत, पुढच्या पातळ्यांवरच्या चुकाही तशाच नाहीशा होतात. म्हणून शाळेत शिकवतात तोच समलंब नियम इथे थक्क करणारे काम करतो. फक्त चार तुकडे, म्हणजे पाच किमती, हातानेही काढता येतील अशा. उत्तर येते २.६२२०५८, सहा दशांश स्थळांपर्यंत बरोबर. मूळ मांडणीत एवढी अचूकता हवी असती तर ९० हजार कोटींहून जास्त तुकडे लागले असते. तुकडे आठ केले की चूक दहाव्या दशांश स्थळाच्याही पलीकडे जाते.

सिंग्युलॅरिटीचा नेमका प्रकार माहीत नसेल तेव्हा काय करायचे, याचे उत्तर हिदेतोशी ताकाहासी आणि मासाताके मोरी या जपानी गणितज्ञांनी १९७४ मध्ये दिले. −1 ते 1 या पट्ट्यासाठी त्यांनी x = tanh((π/2) sinh t) हा बदल सुचवला. याने दोन्ही टोके अनंत दूर ढकलली जातात आणि नवे फल दोन्ही बाजूंना इतक्या वेगाने विझते, की टोकांवरचा सौम्य अनंत त्यापुढे टिकत नाही. मग पुन्हा तोच समलंब नियम वापरायचा.

मात्र इथे संगणकाच्या अंकांची मर्यादा आड येते. नेहमीच्या पद्धतीत संगणक सुमारे १६ अंक सांभाळतो. t जेमतेम ३.२ झाला की x ची किंमत संगणकाच्या लेखी हुबेहूब 1 होते. मग 1−x शून्य होतो आणि भागाकार कोसळतो. कोणी तेवढे बिंदू गाळले तर कार्यक्रम चालतो, पण वर्गमुळाच्या सिंग्युलॅरिटीसाठी अचूकता आठेक अंकांवर अडते. उपाय असा, की 1−x वजाबाकीने काढायचाच नाही. 2/(1+exp(π sinh t)) या सूत्राने टोकापासूनचे अंतर थेट काढायचे आणि फलही त्या अंतराच्या भाषेत लिहायचे.

बदललेले फल गुळगुळीत असले म्हणजे ते सपाट असतेच असेही नाही. लंबक १७९ अंशांपर्यंत नेला तर φ च्या मांडणीत फल शेवटी ११४ च्या वर चढते. तिथे चार तुकड्यांचा समलंब नियम √2 चा गुणक सोडून ६.१३ ऐवजी २४.७ देतो. तेव्हा जास्त तुकडे लागतात, आणि ते लागत आहेत हे तपासूनच कळते.

ही तपासणी सोपी आहे आणि ती प्रत्येक संकलनाला लावावी. मध्यबिंदू नियमाने उत्तर काढा, तुकडे दुप्पट करा, पुन्हा दुप्पट करा, आणि लागोपाठच्या उत्तरांतले फरक पाहा. प्रत्येक फरक आधीच्या चौथाईवर येत असेल तर सगळे ठीक आहे. तो ०.७१ पटीने रेंगाळत असेल तर टोकाला वर्गमुळाची सिंग्युलॅरिटी आहे आणि u = t² चा बदल हवा. फरक कमीच होत नसेल, दर खेपेला तेवढीच भर पडत असेल, तर संकलनालाच मर्यादित उत्तर नाही. लंबक बरोबर १८० अंशांवर नेला की हेच दिसते. मूळ मांडणीत तुकडे दुप्पट करत गेले की दरवेळी बेरीज सुमारे ०.९८ ने वाढते आणि थांबत नाही. कारण तिथे फल 1/u सारखे वागते, आणि u = t² लिहूनही 2/t उरतोच. चल बदलल्याने क्षेत्रफळ बदलत नाही, म्हणून अनंत क्षेत्रफळ कोणत्याही बदलाने मर्यादित होत नाही. त्या ठिकाणी गणित खरेच सांगते आहे: ढकलून दिलेला लंबक नेमक्या माथ्यावर थांबेल एवढाच वेग घेऊन निघाला, तर तो माथ्याच्या जवळ जवळ सरकत राहील आणि कधीच पोचणार नाही.