हप्ता कोणत्या महिन्यांचा? : स्वाधार योजनेतील विद्यार्थ्याचे मासिक अंदाजपत्रक

महाराष्ट्र शासनाच्या भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजनेत, दहावीनंतरच्या शिक्षणासाठी बाहेरगावी राहणाऱ्या आणि शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध प्रवर्गातील विद्यार्थ्याला निर्वाहासाठी रोख रक्कम दिली जाते. पुणे, मुंबई, नागपूर अशा मोठ्या शहरांसाठी योजनेने ठरवलेली रक्कम वर्षाला ६०,००० रुपये असून, तीत भोजनासाठी ३२,०००, निवासासाठी २०,००० आणि इतर निर्वाहासाठी ८,००० रुपये धरलेले आहेत. ही रक्कम दरमहा येत नाही, हप्त्यांनी बँक खात्यावर जमा होते. त्यामुळे महिन्याचे अंदाजपत्रक आखणाऱ्या विद्यार्थ्यापुढचा पहिला प्रश्न रक्कम किती हा नसून, ती कोणत्या महिन्यांसाठी आहे हा असतो.

शैक्षणिक वर्षात विद्यार्थी शहरात साधारण दहा महिने राहतो असे धरले, तर महिन्याला ६,००० रुपये वाट्याला येतात. उदाहरणादाखल पुण्यातील अशा विद्यार्थ्याचा हिशेब घेऊ, जो एका खोलीत इतर तिघांसह 'कॉट बेसिस'वर, म्हणजे संपूर्ण खोलीऐवजी फक्त एका खाटेचे भाडे देऊन, २,२०० रुपयांत राहतो आणि दोन वेळच्या जेवणासाठी मेसला ३,००० रुपये देतो. या दोन ठरलेल्या खर्चांनंतर ८०० रुपये उरतात. बहुतेक मेस रविवारी संध्याकाळी बंद असतात, तेव्हा महिन्यातील चार रात्रींच्या बाहेरच्या जेवणाला प्रत्येकी ६० रुपये धरले तरी २४० रुपये लागतात. मोबाइलचे ३०० रुपयांचे रिचार्ज महिन्याचे म्हणून मांडले जाते, पण त्याची मुदत २८ दिवसांची असल्याने दहा महिन्यांत ते अकरा वेळा करावे लागते, म्हणजे महिन्याला ३३० रुपये पडतात. उरलेल्या २३० रुपयांत साबण, झेरॉक्स, वह्या आणि खोलीच्या वीजबिलातील हिस्सा बसवायचा असतो. सकाळच्या चहा-नाश्त्याला या हिशेबात जागाच नाही, आणि रोजचे वीस रुपये त्यावर गेले तर महिन्याकाठी ६०० रुपयांचा खड्डा पडतो.

एवढ्या अडचणीच्या अंदाजपत्रकात खरा वाव मेसच्या व्यवहारात सापडतो. मेसचा महिना दोन रीतींनी मोजला जातो: काही ठिकाणी तारखेपासून तारखेपर्यंत, तर काही ठिकाणी साठ जेवणांच्या कुपनांवर. तारखेच्या रीतीत रविवारच्या चार रात्री वजा जाऊन प्रत्यक्षात ५६ जेवणेच मिळतात. कुपनांच्या रीतीत मात्र तेवढ्याच पैशांत ६० जेवणे मिळून महिना दोन दिवसांनी लांबतो. दहा महिन्यांत हा फरक सुमारे दोन हजार रुपयांचा होतो, म्हणजे वर उरलेली शिल्लक जवळजवळ दुप्पट होते. तारखेच्या मेसमध्ये 'खाडा', म्हणजे अनुपस्थितीच्या दिवसांची वजावट, मिळते. परंतु ती बहुधा आधी सांगितल्यास आणि सलग काही दिवसांसाठीच मिळत असल्याने, गावी जाण्याची तारीख ठरण्यापूर्वी खाड्याचा नियम विचारून घेणे आवश्यक ठरते.

या सर्व बारकाव्यांपेक्षा मोठी चूक हप्ता जमा होण्याच्या दिवशी घडते. अर्जाची छाननी व मंजुरी होऊन रक्कम येईपर्यंत सत्राचे अनेक महिने उलटून गेलेले असतात. आपल्या उदाहरणातील विद्यार्थी ऑगस्टमध्ये आला आणि ३०,००० रुपयांचा पहिला हप्ता जानेवारीत जमा झाला असे समजू. ऑगस्ट ते डिसेंबर या पाच महिन्यांचा खर्च ३०,००० रुपये झालेला आहे, शिवाय खोलीमालकाकडे ठेवलेली दोन भाड्यांची अनामत, म्हणजे सोडताना परत मिळणारी ठेव, ४,४०० रुपयांची आहे. हे सारे पैसे घरून, नातेवाइकांकडून किंवा मित्रांकडून उसने आलेले असतात. म्हणून खात्यावर दिसणारी रक्कम पुढच्या पाच महिन्यांची नसून मागच्या पाच महिन्यांची असते, आणि ती पुढची समजून खर्च केली, तर मार्चच्या सुमारास भाडे आणि परतफेड यांचे तगादे एकाच वेळी सुरू होतात. यावर उपाय म्हणजे वहीत खर्चाच्या रकान्याशेजारी 'उसने' हा स्वतंत्र रकाना पहिल्या दिवसापासून ठेवून, त्यात नाव, रक्कम आणि परतीची बोललेली तारीख लिहिणे. घरून आलेला पैसाही त्यातच नोंदवावा, कारण मजुरी किंवा शेतीवर चालणाऱ्या घरात तो बहुधा कोणाकडून तरी घेतलेला असतो.

मात्र कितीही काटेकोर वही ठेवली तरी, उशिरा येणाऱ्या रकमेमुळे होणारी उसनवारी विद्यार्थ्याला टाळता येत नाही. पहिला हप्ता प्रवेश निश्चित झाल्याबरोबर, किमान अनामत आणि दोन महिन्यांचा खर्च भागेल एवढा तरी, खात्यावर जमा व्हावा, ही शासनाकडे केलेली मागणी म्हणूनच रास्त आहे. त्यासाठी योजनेची रक्कम एका रुपयानेही वाढवावी लागणार नाही.