गटचर्चेनंतरचे चार ओळींचे पत्र

शाहूवाडीच्या डोंगराळ भागातला एखादा नवा पदवीधर पहाटेच्या एस.टी.ने कोल्हापूरला येतो आणि कंपनीच्या गटचर्चेत बसतो. उठताना एच.आर.च्या मॅडम सांगतात, ''आठवड्याभरात कळवू.'' आठवडा उलटतो, फोन येत नाही. आता विचारावे की गप्प बसावे?

विचारावे, पण पत्राने काय होते आणि काय होत नाही, हे आधी ओळखावे. गटचर्चेचे गुण परीक्षक बहुधा त्याच दिवशी मांडून मोकळे होतात. ''मला बोलायला संधीच मिळाली नाही,'' असे लिहिल्याने ते बदलत नाहीत. उलट ती तक्रार वाटते. घरची अडचण सांगूनही उपयोग नसतो. नम्रता म्हणजे गयावया नव्हे. वाचणाऱ्याचा वेळ वाचवणे म्हणजे नम्रता.

मग पत्राचा उपयोग काय? तुटलेला धागा जुळतो. दरीखोऱ्यातल्या गावात मोबाइलला रेंज नसते, कंपनीचा फोन लागत नाही आणि पुढच्या फेरीचे बोलावणे हुकते. म्हणून दुसरा नंबर कळवणे हे या पत्रातले सर्वांत मोलाचे वाक्य. आधी ई-मेलचा स्पॅम कप्पाही पाहावा. बोलावणे तिथेच पडलेले असू शकते.

समजा, चर्चा मंगळवारी झाली आणि मुदत पुढच्या मंगळवारची होती. तर आणखी दोन दिवस थांबून गुरुवारी सकाळी ई-मेल करावा. विषयाच्या ओळीत नाव, पद आणि चर्चेची तारीख घालावी; शेकडो अर्जांतून आपला कागद त्यावरूनच सापडतो. मजकूर इंग्रजीत लिहिला, तरी आशय एवढाच असावा:

''आदरणीय मॅडम, गेल्या आठवड्यात मंगळवारी सकाळच्या तुकडीत ट्रेनी पदाच्या गटचर्चेत मी सहभागी होतो. संधीबद्दल आभार. पुढील फेरीचा निर्णय झाला असल्यास कृपया कळवावा. माझ्या गावी रेंज कमी असल्याने भावाचा नंबर सोबत देत आहे.''

खाली नाव, नोंदणी क्रमांक आणि दोन्ही नंबर. बस्स. प्रश्न एकच असावा. पगार किंवा रुजू होण्याची तारीख इथे विचारू नये.

एक पथ्य मात्र पाळावे. चर्चा कॉलेजमार्फत झाली असेल, तर आधी प्लेसमेंटच्या सरांना विचारावे. कंपनीचा व्यवहार त्यांच्याशी असतो. पन्नास मुलांनी परस्पर पत्रे धाडली, तर अवघडतात ते सर.

उत्तर न आल्यास आठवड्याने एकदा, त्याच ई-मेलच्या खाली, दोन ओळींत आठवण द्यावी. त्यानंतरही शांतता राहिली, तर नकार समजावा आणि दुसऱ्या अर्जाला लागावे. नकार कळला, तर एका ओळीत आभार मानावेत. निवडलेला कुणी रुजू झाला नाही, तर पुढचे नाव शोधले जाते. तेव्हा आपला चालू नंबर त्यांच्यापाशी असलेला बरा.