धुराडे कोणत्या वाऱ्याला डोलते?

पावसाळ्यात पुलावर उभे राहून गोल खांबाच्या मागचे पाणी पाहिले, तर भोवरे एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून सुटताना दिसतात. कारखान्याच्या लोखंडी धुराड्यामागे हवेतही हेच घडते, फक्त ते डोळ्यांना दिसत नाही. प्रत्येक भोवरा सुटताना धुराड्याला बाजूला ओढतो. भोवरे आलटूनपालटून सुटत असल्यामुळे ही ओढही आलटूनपालटून बसते, आणि म्हणून धुराडे वाऱ्याच्या दिशेत न झुकता वाऱ्याला आडवे हलू लागते.

हे भोवरे सेकंदाला किती सुटतात? या प्रश्नाचे उत्तर तारेच्या आवाजातून मिळाले. वाऱ्यात तार गुणगुणते. चेक भौतिकशास्त्रज्ञ स्ट्रोहाल यांनी ताणलेली तार हवेतून गोल फिरवून हा स्वर मोजला आणि 1878 मध्ये निष्कर्ष मांडला: स्वर तारेच्या ताणावर अवलंबून नाही, तो ठरतो हवेचा वेग आणि तारेची जाडी यांवर. वेग दुप्पट झाला की स्वराची वारंवारता दुप्पट होते, जाडी दुप्पट झाली की ती निम्मी होते. म्हणजे वारंवारतेला व्यासाने गुणून वेगाने भागले, तर जवळपास ठरलेला आकडा उरतो. त्याला एकक नाही. तोच स्ट्रोहाल अंक, आणि गोल दांड्यासाठी तो साधारण 0.2 येतो.

f = St × U / D

यात f म्हणजे सेकंदाला होणारी आवर्तने, U वाऱ्याचा वेग आणि D व्यास. एका आवर्तनात दोन भोवरे सुटतात, दोन्ही बाजूंनी एकेक.

आता 2 मीटर व्यासाचे एक उंच पोलादी धुराडे घेऊ. ते स्वतःच्या लयीत सेकंदाला एकदा डोलते असे धरू. भोवऱ्यांची लय या लयीशी कधी जुळेल? सूत्र उलटे फिरवायचे: 1 गुणिले 2 भागिले 0.2, म्हणजे सेकंदाला 10 मीटर, ताशी 36 किलोमीटर. हा वारा चांगला जोराचा असला तरी त्याला वादळ म्हणता येत नाही, आणि तो वर्षात पुष्कळदा वाहतो. झोपाळ्याला योग्य क्षणी हलकासा धक्का देत राहिले की तो उंच जातो, तसेच इथे होते. शिवाय धुराडे चांगले हलू लागले की ते स्वतःच भोवऱ्यांना आपल्या लयीत बांधून घेते. मग वारा थोडा कमीजास्त झाला तरी लय सुटत नाही. सेकंदाला एक म्हणजे तासाला 3600 हेलकावे, आणि प्रत्येक हेलकाव्याचा ताण तळाच्या वेल्डिंगवर आणि नट-बोल्टवर येतो. पोलाद एका जोरदार धक्क्याने तुटत नाही, पण असे लाखो हेलकावे सोसून त्यात तडा जाऊ शकतो.

दोष ओळखण्याची खूण सोपी आहे. धुराडे वाऱ्याला आडवे हलते, ठरावीक वेगाच्या संथ, एकसारख्या वाऱ्यातच हलते, आणि वारा त्याहून बराच वाढला की शांत होते. वादळात मात्र ते वाऱ्याच्या दिशेत झुकते. तो वेगळा हिशेब आहे.

0.2 या आकड्यावर डोळे झाकून विसंबता मात्र येत नाही. आपल्या धुराड्याएवढी जाडी आणि एवढा वेग असला की धुराड्याला घासून जाणारा हवेचा पातळ थर स्वतःच खळबळलेला असतो. भोवरे मग अनियमित सुटतात आणि अंक पृष्ठभागाच्या खडबडीतपणाप्रमाणे बदलतो. तो 0.25 धरला तर धोक्याचा वेग 8 मीटर येतो, 0.18 धरला तर 11 मीटर. म्हणून अभियंत्याने एक आकडा न धरता 8 ते 11 हा सगळा पट्टाच धोक्याचा मानावा. शेजारी दुसरे धुराडे असेल, तर त्याचे भोवरे आपल्या धुराड्यावर आदळतात आणि हे गणित आणखी बिघडते.

उपाय भोवऱ्यांची शिस्त मोडण्याचा आहे. धुराड्याच्या वरच्या तिसऱ्या हिश्श्यावर तीन पट्ट्या स्क्रूच्या आट्यांसारख्या गुंडाळतात. पट्टीची उंची व्यासाच्या साधारण दहाव्या भागाइतकी ठेवतात, आणि पाच व्यासांच्या उंचीत ती एक वेढा घेते. त्यामुळे प्रत्येक उंचीवर भोवरा वेगळ्या क्षणी सुटतो आणि सगळ्यांची ओढ एकत्र येत नाही. याची किंमतही मोजावी लागते: पट्ट्यांमुळे धुराड्यावर वाऱ्याचा सरळ रेटा वाढतो, म्हणून पाया आणि पत्रा त्या हिशेबाने घ्यावा लागतो.

उच्चदाबाच्या तारेला तेच सूत्र लावा. तार 3 सेंटिमीटर जाड, वारा सेकंदाला 3 मीटर: 0.2 गुणिले 3 भागिले 0.03, म्हणजे सेकंदाला 20 आवर्तने, तासाला 72,000. हेलकावा तारेच्या जाडीहूनही लहान असतो, म्हणून खालून तो दिसत नाही. पण जिथे तार पकडलेली असते, तिथे ती रोज वाकत राहते आणि तिचे पदर एकेक करून तुटू लागतात. मनोऱ्याजवळ तारेला लटकवलेली डंबेलसारखी छोटी वजने तुम्ही पाहिली असतील. ती हीच थरथर आपल्या अंगावर घेऊन जिरवतात.